चाचणीचे तीन प्रयत्न दिले, पण प्रमाणपत्रावरची श्रेणी सर्वोत्तम प्रयत्नावर की सरासरीवर?

अनु_ठाणे

नमस्कार. मी ठाण्यात राहते आणि वाशीला एका कस्टम क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयात काम करते. आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी गेले दोन महिने करत आहे. त्यात सहा चाचण्या आहेत. प्रत्येक चाचणी १० गुणांची असून तिचे तीन प्रयत्न करता येतात, आणि सहाही चाचण्यांचे वजन सारखे आहे. एकूण ७५ टक्के किंवा अधिक मिळाले तर प्रमाणपत्रावर 'अ' श्रेणी छापली जाते, ६० ते ७५ च्या मध्ये असल्यास 'ब'. आमच्या कार्यालयात शिपिंग बिले स्वतंत्रपणे भरण्याच्या कामावर घेताना 'अ' श्रेणी पाहिली जाते, म्हणून मला ती हवी आहे.

तीन प्रयत्न दिले आहेत म्हटल्यावर त्यातला सर्वांत चांगला धरला जाईल, असे मी समजून चालले. त्यामुळे पहिला प्रयत्न मी बहुतेक वेळा पाठ न वाचताच दिला. प्रश्न कोणत्या वळणाचे येतात ते पाहायचे, मग पाठ वाचायचा आणि पुढचे प्रयत्न नीट द्यायचे, अशी माझी पद्धत होती. माझ्या हिशेबाने मला ९० टक्के आहेत. काल एकूण गुणांचे पान उघडले तर तेथे ७१.६७ दिसत आहेत आणि श्रेणी 'ब' आहे. ही चूक आहे की नियमच तसा आहे? अभ्यासक्रम अजून नऊ दिवस खुला आहे.

घोडबंदर_रोड

चूक नसावी. अशा अभ्यासक्रमांच्या प्रणालीत गुण कसे धरायचे हे संस्थेने ठरवायचे असते: सर्वोत्तम, सरासरी, पहिला किंवा शेवटचा प्रयत्न. आपल्या संस्थेने सरासरी निवडलेली दिसते. चाचणीच्या मुख्य पानावर, प्रयत्न सुरू करण्याच्या बटणाजवळ ते लिहिलेले असते; आपण ते पाहिले नसेल.

एक गोष्ट मात्र तातडीने करा. सरासरी तीन प्रयत्नांची काढली जाते, त्यामुळे जो प्रयत्न आपण घेतलाच नाही तो शून्य धरला जातो. जेथे एक-दोनच प्रयत्न झाले असतील तेथे उरलेले ताबडतोब पूर्ण करा, काहीही गुण मिळाले तरी ते शून्यापेक्षा बरेच असतील.

कळवा_लोकल

माझा अनुभव सांगतो. मी एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला होता. तेथे बारा साप्ताहिक स्वाध्यायांपैकी सर्वांत चांगले आठ धरतात, त्यांच्या सरासरीला २५ टक्के वजन असते आणि प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के. म्हणजे सर्वोत्तम आणि सरासरी हे दोन्ही एकाच वेळी असू शकते. तुमच्याकडेही कमी गुणांच्या दोन चाचण्या वगळल्या जात असतील, शेवटी आपोआप होईल. काळजी करू नका.

अनु_ठाणे

धन्यवाद. कळवा_लोकल, आमच्याकडे सहाही चाचण्या मोजल्या जातात, वगळण्याची सोय नाही. आणि माझा प्रश्न एकाच चाचणीच्या अनेक प्रयत्नांबद्दल आहे.

घोडबंदर_रोड, आपण म्हणता तसे पान उघडून पाहिले. तेथे खरोखरच लिहिले आहे:

```
Attempts allowed: 3
Grading method: Average grade
```

दोन महिन्यांत मी हे पान पन्नास वेळा तरी उघडले असेल, पण नजर थेट बटणाकडेच जात असे. नियमावलीच्या पीडीएफमध्ये मात्र 'प्रत्येक चाचणीसाठी तीन प्रयत्नांची मुभा राहील' एवढे एकच वाक्य आहे. माझे गुण असे आहेत:

चाचणी १: ४, ७, ९
चाचणी २: ५, ८
चाचणी ३: ३, ८, १०
चाचणी ४: ९
चाचणी ५: ०, ७, ९
चाचणी ६: ८, ९

उरलेले प्रयत्न आज रात्रीच पूर्ण करावेत का?

नेरुळची_खिडकी

अनुताई, आज रात्री काहीही उघडू नका. आधी हिशेब पाहू.

मी एका प्रशिक्षण विभागासाठी मूडल सांभाळते, आणि आपण दिलेल्या ओळी मूडलच्याच आहेत. घोडबंदर_रोड यांचे पहिले म्हणणे बरोबर आहे, दुसरे नाही. सरासरी काढताना मूडल जेवढे प्रयत्न पूर्ण होऊन गुण मिळाले आहेत तेवढ्यांनीच भागते, परवानगी असलेल्या संख्येने नाही. याचा पुरावा आपल्याच आकड्यांत आहे. सहा चाचण्यांच्या सरासऱ्या अनुक्रमे ६.६७, ६.५, ७, ९, ५.३३ आणि ८.५ येतात. त्यांची बेरीज ४३, आणि ६० पैकी ४३ म्हणजे ७१.६७ टक्के, जे आपल्याला पानावर दिसत आहे. चौथ्या चाचणीचे न घेतलेले दोन प्रयत्न शून्य धरले असते तर तेथे ९ ऐवजी ३ मोजले गेले असते आणि एकूण आकडा फारच खाली गेला असता. सर्वोत्तम प्रयत्नांची बेरीज ५४, म्हणजे ९० टक्के, हा आपला हिशेबही बरोबर आहे. तेव्हा यंत्राने बेरीज चुकवलेली नाही. एकाच अभ्यासाला एका नियमाने 'अ' मिळते आणि दुसऱ्याने 'ब', इतकेच.

सरासरीच्या नियमात पुढचा प्रयत्न फायद्याचा ठरायचा असेल, तर त्यात आतापर्यंतच्या सरासरीपेक्षा अधिक गुण पडले पाहिजेत. चौथ्या चाचणीत आपले ९ आहेत. 'काहीही गुण मिळाले तरी बरेच' असे म्हणून तेथे घाईत प्रयत्न दिला आणि ७ मिळाले, तर ९ चे ८ होतील. सर्वोत्तमच्या नियमात फुकट असलेला प्रयत्न येथे जोखमीचा आहे.

माझे लक्ष मात्र पाचव्या चाचणीच्या शून्याकडे गेले. पाठ न वाचता दिलेल्या प्रयत्नांतही आपल्याला ३, ४, ५ गुण मिळालेले आहेत. मग हे शून्य कसे?

अनु_ठाणे

तो दिवस लक्षात आहे. कार्यालयातून परत येताना ठाण्याच्या लोकलमध्ये मी मोबाइलवर चाचणी उघडली. वीस मिनिटांची वेळ होती. पहिला प्रश्न समोर आला आणि रबाळे-ऐरोलीच्या दरम्यान नेटवर्क गेले. ठाण्याला उतरले तेव्हा पान पुन्हा उघडत नव्हते, आणि घरी पोहोचेपर्यंत वेळ संपून गेली होती. मी एकही उत्तर दिले नव्हते, म्हणून तो प्रयत्न वाया गेला एवढेच मी धरून चालले. सर्वोत्तम प्रयत्न मोजला जाणार या समजुतीमुळे त्याचे काही वाटलेही नाही.

घोडबंदर_रोड

न घेतलेल्या प्रयत्नांबाबत माझी चूक झाली, मान्य करतो. मी वापरलेल्या एका दुसऱ्या प्रणालीत तसे होते, आणि ते सगळीकडेच असेल असे मी गृहीत धरले.

परंतु या शून्याबाबत चिंता नसावी. अर्धवट राहिलेला प्रयत्न मूडल सरासरीत धरत नाही, हे मी माझ्या मुलाच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याचाही एक प्रयत्न असाच लटकला होता आणि त्याचे गुण कमी झाले नव्हते.

नेरुळची_खिडकी

आपण पाहिले ते खरे असणार, आणि अनुताईंचे उलटे झाले तेही खरे आहे. फरक चाचणीच्या एका सेटिंगमध्ये आहे. वेळ संपल्यावर उघडा राहिलेला प्रयत्न काय करायचा, हे संस्थेला निवडावे लागते. एका पर्यायात वेळ संपताच सर्व्हर तो प्रयत्न आपोआप सादर करतो. मग त्यात जी उत्तरे तोपर्यंत जतन झाली असतील तेवढीच तपासली जातात आणि काहीच जतन झाले नसेल तर शून्य मिळते. हे शून्य पूर्ण झालेल्या प्रयत्नाचे असते, म्हणून सरासरीत येते. दुसऱ्या पर्यायात विद्यार्थ्याने वेळेच्या आत स्वतः सादर केले नाही तर तो प्रयत्न सोडून दिलेला मानतात. त्याला गुणच मिळत नाहीत, म्हणून सरासरीतही तो येत नाही. मात्र तीनपैकी एक संधी त्यातही खर्च होतेच. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात दुसरा पर्याय असावा.

कोणता पर्याय लागू झाला ते ओळखणे सोपे आहे. अनुताई, पाचव्या चाचणीच्या पानावर आपल्या प्रयत्नांची यादी दिसते. पहिल्या प्रयत्नासमोर `Finished` आहे की `Never submitted`? आणि गुणांच्या जागी शून्य आहे की जागा रिकामी आहे?

अनु_ठाणे

`Finished` आहे, आणि गुण `0.00` असे आहेत.

नेरुळची_खिडकी

म्हणजे तो सर्व्हरने आपोआप सादर केला आणि मोजलाही. आता तेवढा एक प्रयत्न बाजूला ठेवून पाहा. पाचव्या चाचणीत ७ आणि ९ उरतात, सरासरी ५.३३ ऐवजी ८ होते. एकूण बेरीज ४३ ऐवजी ४५.६७, म्हणजे ७६.११ टक्के. अर्थात 'अ' श्रेणी.

पाठ न वाचता दिलेल्या पहिल्या प्रयत्नांनी आपले गुण खाली ओढले हे खरेच आहे, पण त्यानंतरही सरासरीच्याच नियमात आपण ७५ च्या वर होता. लोकलमधल्या वीस मिनिटांनी ती रेषा ओलांडू दिली नाही. त्यामुळे संस्थेशी 'सरासरी नको, सर्वोत्तम घ्या' असा वाद घालण्याची आपल्याला गरज नाही. तो वाद लांबेल, आणि नियम पानावर लिहिलेला असल्यामुळे आपली बाजूही लंगडी पडेल. 'एका कोऱ्या प्रयत्नाला उत्तरांचा दर्जा देऊ नये' एवढीच मागणी करावी.

शिकवणी_नौपाडा

मी तीस वर्षे वाणिज्य शाखेला शिकवले आणि गेली काही वर्षे ऑनलाइन वर्गही घेतो. कोऱ्या प्रयत्नाची तक्रार रास्त आहे, पण सरासरीच्या नियमावर येथे थोडा अन्याय होत आहे असे वाटते. अनुताईंनी स्वतःच सांगितले आहे की पाठ न वाचता त्यांनी पहिला प्रयत्न दिला. सर्वोत्तमचा नियम असला की बहुतेक विद्यार्थी हेच करतात. पहिल्या प्रयत्नात प्रश्न पाहायचे, दुसऱ्यात पर्याय फिरवायचे आणि तिसऱ्यात जमले तर जमले. मी एका वर्षी सर्वोत्तमचा नियम ठेवला होता आणि जवळजवळ सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी मिळाले. लेखी परीक्षेत त्याच मुलांना साधी जर्नल नोंद येईना. त्यानंतर मी सरासरीवर आलो. प्रत्येक प्रयत्न गांभीर्याने द्यायचा असेल तर तो मोजला गेलाच पाहिजे.

नेरुळची_खिडकी

सर, आपला अनुभव मला पटतो, आणि त्याला आकड्यांचाही आधार आहे. समजा दहा प्रश्नांची चाचणी आहे, उत्तीर्ण होण्यास सहा बरोबर हवेत, आणि विद्यार्थ्याची तयारी अशी की कोणताही प्रश्न बरोबर येण्याची शक्यता निम्मी आहे. दर वेळी प्रश्न नवे आहेत आणि मधल्या काळात तो काहीही शिकत नाही. एकाच प्रयत्नात तो उत्तीर्ण होण्याची शक्यता शंभरात ३८ च्या आसपास येते. तीन प्रयत्न देऊन सर्वोत्तम धरला तर तीच शक्यता ७६ होते, आणि तिघांची सरासरी धरली तर १८ वर येते. विद्यार्थी तोच आणि तयारीही तीच. सर्वोत्तमचा नियम नशिबाच्या चढत्या बाजूला तेवढे मोजतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

पण या गणितात 'मधल्या काळात काहीही शिकत नाही' हे गृहीतक मी घातले आहे, आणि खरा प्रश्न तेथेच आहे. अनुताईंच्या तिसऱ्या चाचणीत ३, ८, १० असे गुण आहेत. हे नशिबाचे चढउतार दिसत नाहीत. पाठ वाचल्यावर माणसाला विषय येऊ लागला असे दिसते. सरासरी त्यांना ७ देते. सुरुवातीला येत नव्हते याची आठवण प्रमाणपत्रावर कायम ठेवणारा हा आकडा आहे, आज त्यांना काय येते ते तो सांगत नाही. पहिल्या प्रयत्नात ४ गुण मिळालेला विद्यार्थी पुढच्या दोन्ही प्रयत्नांत १०-१० मिळवूनही सरासरीने ८ च्या वर जाऊच शकत नाही. मग तिसरा प्रयत्न त्याने कशासाठी द्यायचा? आपल्याला गांभीर्य हवे होते, ते पहिल्या प्रयत्नापुरते मिळते आणि नंतर संपते.

आपल्या वर्गाला पैकीच्या पैकी मिळाले, त्या वर्षी तिन्ही प्रयत्नांत प्रश्न तेच होते का, आणि सादर केल्याबरोबर बरोबर उत्तरे दिसत होती का?

शिकवणी_नौपाडा

दोन्ही प्रश्नांचे उत्तर होय असे आहे. प्रश्नपेढी तयार करण्याइतका वेळ तेव्हा माझ्याकडे नव्हता. वीसच प्रश्न होते आणि उत्तरे लगेच दिसत होती. ती लपवता येतात हे मला नंतर कळले.

नेरुळची_खिडकी

मग त्या वर्षी दुसऱ्या प्रयत्नापासून स्मरणशक्ती तपासली गेली, आणि सर्वोत्तमच्या नियमाने ते फक्त उघडे पाडले. आम्ही आमच्याकडे दर प्रश्नाच्या जागी पेढीतून पाच-सहांपैकी एक प्रश्न यादृच्छिक येईल असे ठेवतो, बरोबर उत्तरे चाचणी बंद होईपर्यंत दाखवत नाही आणि दोन प्रयत्नांत चोवीस तासांचे अंतर सक्तीचे करतो. त्यानंतर सर्वोत्तम प्रयत्न धरला तरी पर्याय फिरवणाऱ्याला फारसा लाभ होत नाही. अर्थात नशिबाचा भाग उरतोच, तो मी नाकारत नाही.

शिकवणी_नौपाडा

हे सगळे करायला आपल्यासारखी माणसे हाताशी लागतात. जेथे ती नाहीत, तेथे सरासरी हा स्वस्त कुंपणाचा उपाय आहे असे माझे मत कायम आहे. मात्र नियमावलीत ते मोठ्या अक्षरात लिहायला हवे, याबद्दल दुमत नाही.

कळवा_लोकल

पुन्हा विषयाला सोडून वाटले तर क्षमा असावी, पण एनपीटीईएलमध्ये मुदत संपेपर्यंत स्वाध्याय कितीही वेळा सादर करता येत असे आणि शेवटचा सादर केलेलाच मोजला जात असे. मला त्यात कधी अन्याय वाटला नाही. मात्र एकदा मुदतीच्या रात्री घाईत एक बरोबर उत्तर बदलून चुकीचे करून ठेवले होते.

अनु_ठाणे

मी काल संस्थेला ईमेल केला आणि आज दुपारी उत्तर आले. त्यांनी म्हटले आहे की तांत्रिक अडचण लक्षात घेऊन मला पाचव्या चाचणीचा एक जादा प्रयत्न देण्यात येईल. मला फार बरे वाटले. लगेच स्वीकारते असे कळवू का?

नेरुळची_खिडकी

कळवण्यापूर्वी दोन मिनिटे कागदावर मांडून पाहा. जादा प्रयत्न मिळाला तरी ते शून्य जागेवरच राहणार आहे. त्यात आपल्याला दहापैकी दहा मिळाले असे धरू. ०, ७, ९, १० यांची बेरीज २६, चारांनी भागून ६.५. एकूण ४४.१७, म्हणजे ७३.६ टक्के. पैकीच्या पैकी मिळवूनही श्रेणी 'ब'च.

त्यांचा हेतू वाईट नाही. बहुतेक संस्थांत अशा तक्रारीवर जादा प्रयत्न देणे ही ठरलेली रीत आहे, आणि सर्वोत्तमच्या नियमात ती पुरेशीही असते. सरासरीच्या नियमात मात्र वाईट प्रयत्न काढल्याशिवाय भरपाई होत नाही. आपण त्यांना लिहा की जादा प्रयत्न नको, तो कोरा प्रयत्न काढून टाकावा. चाचणीच्या निकालांच्या यादीतून शिक्षकाला एखादा प्रयत्न निवडून हटवता येतो, आणि हटवल्याबरोबर सरासरी नव्याने काढली जाते. ईमेलमध्ये तारीख, चाचणी सुरू केल्याची वेळ आणि मोबाइलवरून दिल्याचे लिहा. प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर दिलेले नाही हे त्यांना त्या प्रयत्नाच्या तपशिलात दिसेल, आणि चाचणी उघडल्यानंतर आपल्याकडून काहीच हालचाल नोंदली गेली नाही हे लॉगमध्ये दिसेल. हटवलेला प्रयत्न परत आणता येत नसल्यामुळे काही शिक्षक कचरतात. तेव्हा आधी निकालांची यादी उतरवून ठेवावी असे आपणच सुचवा.

ते कदाचित म्हणतील की गुणपुस्तिकेत थेट ८ भरून देतो. तेही टाळा. तसे हाताने भरलेले गुण चाचणीच्या हिशेबापासून तुटतात, आणि पुढे काही बदलले तर तेथे पोहोचत नाही.

घोडबंदर_रोड

आणि त्यांनी हटवण्यास नकार दिला तर? दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या चाचणीचे प्रयत्न अजून उरले आहेत, हा माझा मूळ मुद्दा अगदीच टाकाऊ नसावा.

नेरुळची_खिडकी

टाकाऊ मुळीच नाही, मी तो राखून ठेवला होता. दुसऱ्या चाचणीत एक, चौथीत दोन आणि सहावीत एक असे चार प्रयत्न उरले आहेत. चारही वेळा पैकीच्या पैकी मिळाले तर त्या चाचण्या ७.६७, ९.६७ आणि ९ वर जातात, एकूण बेरीज ४५.३३ होते, म्हणजे ७५.५६ टक्के. 'अ' साठी बेरीज ४५ हवी. या तिन्ही ठिकाणी शेवटी तिनांनी भागायचे असल्यामुळे तेथे गमावलेला प्रत्येक गुण एकूण बेरजेतून एक तृतीयांश कमी करतो. म्हणजे चार प्रयत्नांच्या चाळीस गुणांपैकी फक्त एकच गुण गमावण्याची सवड आहे, आणि तो गमावला तर आपण नेमक्या ७५ वर येऊन उभ्या राहतो. वाट अस्तित्वात आहे, पण तिच्यावर मी नऊ दिवसांपैकी शेवटच्या तीन दिवसांत, नकार आल्यावरच जाईन. चौथ्या चाचणीला तर सर्वांत शेवटी हात लावावा.

अनु_ठाणे

कागदावर मांडून पाहिले, ६.५ च येतात. मी जादा प्रयत्न नाकारून, वेळ आणि तारीख देऊन पुन्हा लिहिले आहे. उत्तर आले की कळवते.

पाचपाखाडी_वाचक

मी फक्त वाचत होतो, पण एक शंका आहे. पुष्कळ जणांनी मिळून मागणी केली आणि संस्थेने मध्येच सरासरीऐवजी सर्वोत्तम केले, तर ज्यांचे निकाल लागले आहेत त्यांचे काय होते? कोणाचे गुण कमी होण्याची भीती आहे का?

नेरुळची_खिडकी

सेटिंग बदलून जतन केले की आधीच्या सर्व विद्यार्थ्यांचे त्या चाचणीचे गुण नव्या पद्धतीने काढले जातात. सरासरीकडून सर्वोत्तमकडे जाताना कोणाचेही गुण घटू शकत नाहीत, कारण कोणत्याही आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा त्यांच्या सरासरीपेक्षा लहान नसतो. उलट दिशेने गेले तर एकाहून अधिक प्रयत्न दिलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे गुण घटतात, आणि एकाच प्रयत्नावर थांबलेले तेवढे सुरक्षित राहतात. ज्यांनी सरासरी आहे म्हणून जपून एकच प्रयत्न दिला आणि ७ वर समाधान मानले, त्यांचे गुण मात्र सर्वोत्तमच्या नियमातही ७ च राहतील. त्यांना उरलेले प्रयत्न देण्यासाठी चाचण्या पुन्हा उघडाव्या लागतील. त्यामुळे अभ्यासक्रम चालू असताना मी तरी हा बदल करणार नाही.

अनु_ठाणे

सहाव्या दिवशी उत्तर आले. त्यांनी लॉग तपासून तो प्रयत्न हटवला आहे. माझे एकूण आता ७६.११ दिसत आहेत आणि श्रेणीच्या रकान्यात 'अ' आहे. सर्वांचे मनापासून आभार, नेरुळताईंचे विशेष.

एकच गोष्ट. पाचव्या चाचणीच्या पानावर आता पुन्हा प्रयत्न देण्याचे बटण दिसू लागले आहे. हटवलेल्या प्रयत्नाची संधी परत मिळाली असावी. ती वापरू का?

नेरुळची_खिडकी

तेथे आपल्या ७ आणि ९ ची सरासरी ८ आहे. नव्या प्रयत्नात ८ च्या वर मिळाले तर सरासरी थोडी वाढेल, पण श्रेणी 'अ' च राहील. ६ पर्यंत मिळाले तरी 'अ' टिकेल, कारण तेव्हा बेरीज ४५ वरच अडते. ५ मिळाले की 'अ' गेली. आणि लोकलमध्ये चुकून बोट लागून ते बटण दाबले गेले, तर काय होते ते आपण पाहिलेच आहे. प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि मोबाइलवरून त्या पानाला अभ्यासक्रम संपेपर्यंत जाऊ नका.

शिकवणी_नौपाडा

अनुताईंचे अभिनंदन. पण मला एक प्रश्न टोचत राहतो. त्याच अभ्यासक्रमात आणखी कितीजणांचे असे कोरे शून्य मोजले गेले असेल, आणि त्यांच्यापैकी कितीजणांनी 'ब' श्रेणीच आपली म्हणून प्रमाणपत्र उतरवून घेतले असेल? संस्थेने एकाचा प्रयत्न हटवला, तर बाकीच्यांचेही स्वतःहून तपासायला नको का?

नेरुळची_खिडकी

तपासणे अवघड नाही, शून्य गुणांच्या पूर्ण प्रयत्नांची यादी पाच मिनिटांत निघते. त्यातले कोरे कोणते आणि सगळी उत्तरे चुकलेले कोणते, हे मात्र एकेक उघडून पाहावे लागते. संस्था स्वतःहून ते करील असे मला वाटत नाही. अनुताईंनी आभाराच्या ईमेलमध्ये एक ओळ घातली, तर कदाचित.

अनु_ठाणे

घालते.